लग्नपत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही

लगीनसराई सुरू झाली की नागपुरात प्रत्येकाच्या फोनवर रोज दोन-तीन पत्रिका येऊन पडतात, कोणी फोटो पाठवतं, कोणी पीडीएफ, कोणी गाणं लावलेला व्हिडिओ. आता त्यातच फॅमिली ग्रुपवर `Lagna_Patrika.apk` अशा नावाची फाईल यायला लागली आहे, आणि ती पाठवणारा नंबर ओळखीचा असतो, आपल्याच मामेभावाचा किंवा मावशीचा, म्हणून लोक बिनधास्त उघडतात. हीच गोष्ट वीजबिलाच्या नावाने पण येते, "आज रात्री लाईन कटेल, बिल अपडेट करा" असं लिहून, फक्त तिथे आनंदाच्या ऐवजी भीती दाखवलेली असते.

आधी एक गोष्ट सांगतो कारण लोक फार घाबरतात. फाईल ग्रुपवर नुसती आली, किंवा आपोआप डाउनलोड झाली, म्हणून फोन हॅक झाला असं होत नाही. apk ही अँड्रॉइड ॲपची इन्स्टॉलर फाईल आहे, ती इन्स्टॉल होईपर्यंत नुसती पडून राहते. आयफोनवर ती चालतच नाही. सगळा खेळ तुमच्याकडून तीन-चार वेळा "हो" दाबून घेण्याचा आहे.

समजा मानेवाड्यातल्या एका काकूंच्या ग्रुपवर उमरेडच्या भाच्याच्या नंबरवरून ही फाईल आली. खाली लिहिलंय, "काकू नक्की यायचं". काकूंनी टॅप केलं. फोन सांगतो की सुरक्षेसाठी इथून अनोळखी ॲप टाकायला परवानगी नाही, आणि खाली Settings चं बटण देतो. काकू ते दाबतात, Allow from this source चालू करतात. ही परवानगी अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते, म्हणजे इथे काकूंनी ती व्हॉट्सॲपला दिली, आणि त्या स्वतः बंद करेपर्यंत ती चालूच राहते. मग Install. बरेचदा पहिलं ॲप नुसतं दार उघडणारं असतं, ते उघडल्यावर "पत्रिका पाहण्यासाठी अपडेट करा" म्हणतं आणि आतून दुसरं ॲप टाकतं, खरं काम त्या दुसऱ्याचं. पत्रिका दिसो ना दिसो, काकूंना वाटतं फाईल खराब असेल, आणि त्या स्वयंपाकाला लागतात. त्या ॲपचा आयकॉनही अनेकदा स्क्रीनवरून गायब झालेला असतो, त्यामुळे नंतर आठवणही राहत नाही.

मधल्या वेळात त्या ॲपने ज्या परवानग्या मागून घेतल्या त्या साधारण अशा:

```
android.permission.RECEIVE_SMS
android.permission.READ_SMS
android.permission.SEND_SMS
```

म्हणजे मेसेज आला की कळणार, जुने वाचता येणार, आणि काकूंच्या सिमवरून मेसेज पाठवता पण येणार. काही ॲप तर स्वतःलाच मेसेजचं मुख्य ॲप बनवा म्हणतात, आणि तसं केलं की बँकेचा मेसेज काकूंना दिसण्याआधीच ते गायब करू शकतात. आलेला प्रत्येक एसएमएस इंटरनेटवरून चोराकडे जातो, टेलिग्रामच्या बॉटवर किंवा त्याच्या सर्व्हरवर.

आता लोक विचारतात की नुसते मेसेज वाचून काय होणार बाप्पा, पासवर्ड तर नाही ना दिला. पण आपली जवळपास सगळी डिजिटल ओळख त्या एका एसएमएसच्या डब्यावर उभी आहे. चोर स्वतःच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप टाकतो, काकूंचा नंबर देतो, सहा अंकी कोड काकूंच्या फोनवर एसएमएसने येतो आणि लगेच त्याच्याकडे पोचतो, की काकूंचं खातं त्याचं. आता काकूंच्या नंबरवरून त्यांच्या माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर तीच पत्रिका जाते. उमरेडच्या भाच्याने पण ती पाठवलीच नव्हती, त्याचंही असंच झालं होतं. म्हणून नंबर ओळखीचा आहे या गोष्टीला इथे काही किंमत उरत नाही, त्याला साधा फोन लावून विचारणं हेच खरं.

पैशाचं थोडं वेगळं आहे. यूपीआय ॲप नवीन फोनवर सुरू करताना ते सिममधून एक मेसेज पाठवून नंबर तपासतं. चोराकडे काकूंचं सिम नाही, पण काकूंच्या फोनमधलं ॲप तोच मेसेज काकूंच्या सिमवरून पाठवू शकतं. मग उरतो यूपीआय पिन, तो नवीन करायला अनेक बँकांत डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, एक्सपायरी आणि ओटीपी पुरतो. ओटीपी तर त्याच्याकडे येऊनच राहिला. म्हणूनच बिलवाल्या फाईलमध्ये "फक्त 10 रुपये भरा" म्हणून कार्डाची माहिती मागणारं पान असतं, दहा रुपयांशी त्याला काही घेणंदेणं नाही.

गुगलने 2024 मध्ये भारतासाठी अशी सोय जाहीर केली की ब्राउझर किंवा मेसेजिंग ॲपमधून आलेलं ॲप एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीसारख्या परवानग्या मागत असेल तर प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली गुगलची ॲप तपासणारी सोय, ते अडवेल. म्हणूनच आता काही मेसेजमध्ये "पहिले Play Protect बंद करा" असं लिहून येतं, आणि ज्या पत्रिकेसाठी हे करावं लागतं ती पत्रिका नाहीच. ओळखायला व्हॉट्सॲपमध्ये फाईलच्या नावाखाली बघा, तिथे साईज आणि APK लिहिलेलं दिसतं. `Patrika.pdf.apk` अशी नावं असतात तिथे शेवटचे तीनच अक्षरं धरायचे. महावितरणचं ॲप प्ले स्टोअरवर आहे, ते फाईल म्हणून कोणी पाठवायची गरजच नाही.

टाकल्या गेलं असेल तर क्रम फार महत्त्वाचा आहे. पहिले वायफाय आणि डेटा बंद, म्हणजे इंटरनेटवरून मेसेज बाहेर जाणं थांबतं. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड आणि यूपीआय बंद करा, पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन. त्यानंतर सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत ते शोधा, मुख्य स्क्रीनवर शोधू नका. Uninstall दबत नसेल तर आधी डिव्हाइस ॲडमिनमधून त्याचा हक्क काढा, किंवा फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. तरी शंका राहिली तर फोटो बाजूला काढून पूर्ण रीसेट. कॉल दुसरीकडे वळवलेत का ते `*#21#` ने कळतं, बऱ्याच नेटवर्कवर `##002#` ने ते रद्द होतात.

व्हॉट्सॲप परत घ्यायचं ते याच्या नंतर, कारण ॲप आत असताना कोड मागवला तर तो चोरालाही मिळतो. ॲप गेल्यावर आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करून सहा अंकी कोड टाकला की चोर बाहेर पडतो. त्याने मधेच स्वतःचा टू-स्टेप पिन, म्हणजे नोंदणीच्या वेळी कोडशिवाय लागणारा वेगळा पिन, लावला असेल तर तुम्हाला 7 दिवस थांबावं लागतं, पण कोड टाकल्यापासून तो मात्र आत राहत नाही. म्हणून हा पिन आजच, काहीच झालं नसताना, घरातल्या मोठ्यांच्या फोनवर लावून द्या, आणि पिन कुठेतरी लिहून ठेवायला सांगा.

ग्रुपच्या ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तो लगेच करा. पण ज्यांच्या फोनवर फाईल उतरली त्यांच्याकडे ती राहिलेली असू शकते, तर फाईल मॅनेजरमध्ये डाउनलोड्स आणि `WhatsApp Documents` हे दोन फोल्डर उघडून ती तिथूनही काढा, आणि Install unknown apps मध्ये जाऊन व्हॉट्सॲपसमोरचं बटण बंद आहे का तेवढं बघून घ्या.