वाकड्या रेघा आणि पाचाचा आकडा

कागदावर काही ठिपके द्या आणि त्यांतल्या हव्या त्या जोड्या रेघांनी जोडा. रेघ कितीही वळवा, लांबून फिरवून आणा. फक्त कोणत्याही दोन रेघा एकमेकींना छेदता कामा नयेत आणि एका जोडीत एकच रेघ हवी. असल्या गुंत्याला प्रतलीय आलेख म्हणतात. ठिपके हलवायची मुभा दिली, तर त्यातली प्रत्येक रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ करता येते. क्लाउस वाग्नर यांनी हे १९३६ मध्ये दाखवलं, इश्त्वान फारी यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे. प्रमेय मात्र फारींच्या नावाने ओळखलं जातं.

युक्ती अशी की आधी काम वाढवून घ्यायचं. छेद न होता जितक्या नव्या रेघा घालता येतील तितक्या घाला, म्हणजे बाहेरच्या मोकळ्या जागेसकट प्रत्येक कप्प्याला तीनच रेघांची सीमा उरते. हे चित्र सरळ झालं की जादा रेघा पुसून टाकायच्या; उरलेल्या सरळच असतात.

आता n ठिपके असतील, तर ठिपके, रेघा आणि कप्पे यांच्या संख्यांचा संबंध सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्रावरून अशा चित्रात नेमक्या 3n − 6 रेघा भरतात. प्रत्येक रेघेला दोन टोकं, म्हणून सगळ्या ठिपक्यांपाशी येणारी टोकं मोजली तर 6n − 12. सगळ्यांत बाहेरच्या त्रिकोणाचे तीन ठिपके बाजूला ठेवा. आतल्या प्रत्येकापाशी सहा किंवा जास्त रेघा असत्या, तर त्यांचीच टोकं किमान 6n − 18 झाली असती. बाहेरच्या तिघांपाशी किमान तीन-तीन धरली की 6n − 9. हिशेबात बसत नाही, तीन जास्त होतात. म्हणजे आत कुठेतरी पाच किंवा कमी रेघांचा ठिपका असणारच.

तो उचलायचा. त्याच्या जागी जास्तीत जास्त पाच बाजूंचं भोक पडतं. ते एक-दोन कर्ण घालून बुजवायचं. (कर्ण निवडताना एक बघायचं, की तीच जोडी बाहेरून आधीच जोडलेली नाही ना. तशी असली तरी सोयीचा दुसरा कर्ण मिळतोच, कारण बाहेरच्या रेघाही एकमेकींना छेदू शकत नाहीत.) ठिपका एकाने कमी झाला. हेच करत गेलं की शेवटी नुसता त्रिकोण उरतो, आणि तो सरळ काढायला कोणाची हरकत आहे! मग उलट्या क्रमाने एकेक ठिपका परत बसवायचा.

चौकटीच्या वहीत करून बघा. सहा ठिपके: क (०,०), ख (१२,०), ग (६,१२) हा बाहेरचा त्रिकोण, आत च, छ, ज. आतल्या तिघांच्या एकमेकांशी रेघा आहेत. शिवाय च जोडला आहे ख-ग शी, छ जोडला आहे क-ग शी, ज जोडला आहे क-ख शी. आधी ज उचलू. क-ख-च-छ असा चौकोन मोकळा झाला. त्यात क-च कर्ण घातला. आता छ ला तीनच रेघा, म्हणून तोही उचलू. उरला त्रिकोण आणि आत च.

परत येताना च ठेवला (७,४) वर. छ हा क-ग-च त्रिकोणात कुठेही चालतो. मी मुद्दाम (५,९) घेतला. कर्ण पुसला. चौकोन च पाशी आत दबलेला निघाला, आणि इथेच फसायला होतं: ज ला (५,८) वर ठेवलं तर ख कडे जाणारी सरळ रेघ च च्या वरून जाते आणि च-छ ला कापते. (४,३) वर ठेवलं तर चारही कोपरे बिनअडथळा दिसतात.

अशी जागा दर वेळी सापडेलच कशावरून? चौकोन किंवा पंचकोन कितीही वेडावाकडा असला, तरी त्यात एक जागा अशी असते जिथून सगळे कोपरे दिसतात. पंचकोन दोन कर्णांनी तीन त्रिकोणांत फोडला, की ते दोन्ही कर्ण एकाच कोपऱ्यातून निघतात. तिन्ही त्रिकोण तिथे भेटतात, म्हणून त्या कोपऱ्यातून सगळं दिसतं. तिथून किंचित आत सरकायचं, एवढंच. षटकोनात ही हमी नाही. मधल्या त्रिकोणाच्या तीन बाजूंवर तीन निमुळती शिंगं अशी तिरकी बसवता येतात, की एकाच जागेवरून तिन्ही टोकं दिसत नाहीत. मोजणीतून पाच आले आणि नजर पाचापर्यंतच पुरते; सहा आले असते तर ही सिद्धता इथेच अडकली असती. मला या सिद्धतेतली ही गाठ सगळ्यांत आवडते.

चित्र देखणं मात्र येईलच असं नाही. आत-आत ठिपके बसवत गेलं की काही इतके खेटतात की पेन्सिलीचं टोक मावत नाही. हे दुखणं १९९० मध्ये वॉल्टर श्नायडर यांनी दूर केलं: n ठिपके n − 2 बाजूच्या चौकटीत, रेघोट्यांच्या छेदांवरच बसवता येतात. आपले सहा ठिपके म्हणजे चार बाय चार चौकटींत मावतात. पण प्रत्येक रेघेची लांबी पूर्ण संख्या असेल असं सरळ चित्र दर वेळी काढता येतं का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.