मनगटातली कळ की बोटांतल्या मुंग्या? अ‍ॅनिमेटरने ओळखायचा फरक

दिवसभर ड्रॉइंग करून हात दुखायला लागला की बरेच अ‍ॅनिमेटर एकच उपाय करतात. औषधाच्या दुकानातून मनगटाचा पट्टा आणतात, करकचून बांधतात आणि पुन्हा टॅब्लेटपुढे बसतात. कुणाला त्याने आराम पडतो, कुणाचं दुखणं उलट वाढतं. मनगटात बिघडण्यासारख्या निदान दोन वेगळ्या गोष्टी असतात, म्हणून असं होतं. एकीत कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, दुखावतात. दुसरीत नस दाबली जाते. दोन्ही त्रास त्याच टेबलावर, त्याच कामातून सुरू होऊ शकतात, पण टेबलावर नेमकं काय बदलायचं हे दोन्हींत वेगळं आहे.

आधी कंडरांचं पाहू. अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. पेन तासन्‌तास चिमटीत आवळून धरलं आणि मनगट सारखं करंगळीकडे वळत राहिलं, की या कंडरा आवरणाला घासतात आणि ते जाड होतं. डॉक्टर याला ‘डी क्वेर्व्हेन’ म्हणतात. याची खूण स्पष्ट असते: कुठे दुखतं असं विचारलं तर माणूस एक बोट ठेवून जागा दाखवतो. अंगठ्याच्या मुळाच्या जरा खाली, मनगटाच्या कडेला. पेन उचलताना, बाटलीचं झाकण फिरवताना तिथेच कळ येते आणि हात स्थिर ठेवला की ओसरते. बोटं बधिर होत नाहीत. अंगठा मुठीत घेऊन मनगट हलकेच करंगळीकडे झुकवलं आणि त्या कडेला झटकन कळ आली, तर संशय पक्का होतो. हे करताना जोर मात्र लावू नका.

नसेचा त्रास वेगळा वागतो. तळहाताच्या बुडाशी, खाली छोटी हाडं आणि वर एक जाड पट्टा, असा एक बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस दाटीवाटीने जातात. मनगट सरळ असतं तेव्हा तिथला दाब सर्वांत कमी असतो. ते वर किंवा खाली वाकलं की दाब वाढतो आणि नस चेपली जाते. हाच कार्पल टनेलचा त्रास. यात एका बोटाने जागा दाखवता येत नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू इथे मुंग्या येतात, बधिरपणा येतो. विशेष म्हणजे हा त्रास पुष्कळदा रात्री होतो. झोपेत मनगट दुमडलं जातं, माणूस जागा होतो आणि हात झटकल्यावर बरं वाटतं. काम करताना फारसं काही जाणवत नाही, त्यामुळे ‘झोपताना हात अंगाखाली आला असेल’ म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष होतं. माझ्या मते टेबलावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त नडतं ते हेच.

मुंग्या करंगळीत येत असतील तर मात्र मनगटाकडे पाहू नका. ती नस वेगळी आहे आणि ती बहुतेकदा कोपरापाशी दाबली जाते. टेबलाच्या धारेवर कोपर टेकवून बसण्याची सवय आधी तपासा.

आता एक शॉट घेऊ. पाच सेकंदांचा क्लीनअप आहे. सेकंदाला 24 फ्रेम, पण प्रत्येक ड्रॉइंग दोन फ्रेम टिकतं, म्हणजे 60 ड्रॉइंग. एका पात्राला साधारण 50 रेघा धरल्या तरी 3,000 रेघा होतात, आणि Ctrl+Z मारून पुन्हा काढलेल्या वेगळ्याच. यातली प्रत्येक रेघ पेन आवळून, फक्त मनगट फिरवून काढली जात असेल, तर कंडरांवरचा भार कुठून येतो हे कळायला वेळ लागत नाही.

इथे सर्वांत मोठा फरक पडतो तो टॅब्लेटच्या प्रेशर सेटिंगने. जाड रेघेसाठी पेन दाबावं लागत असेल तर कर्व्ह मऊ करा, म्हणजे हलक्या स्पर्शातही पूर्ण जाडी मिळेल. दाब कमी लागला की चिमटही आपोआप सैल होते. दुसरं, रेघेच्या दिशेला मनगट वळवण्याऐवजी कॅनव्हास फिरवा. त्याचा शॉर्टकट दुसऱ्या हाताखाली ठेवा. पेनवरचं बटण अंगठ्याने सारखं दाबत असाल तर ते कामही कीबोर्डकडे द्या. लांब रेघा कोपर-खांद्यातून काढायच्या असतील तर टॅब्लेटचा सक्रिय भाग पुरेसा मोठा हवा. छोट्या टॅब्लेटवर मोठी स्क्रीन बसवली की सगळं काम मनगटावरच येतं.

नसेचा त्रास असेल तर रेघा मोजून फार उपयोग नाही, मनगटाचा कोन बघायला हवा. टेबल उंच असेल तर हात वर चढतो आणि मनगट सरळ राहत नाही. खुर्ची वर घ्या, पाय अधांतरी राहिले तर खाली पाट ठेवा. कोपर साधारण काटकोनात आणि बाहू खांद्यापासून सैल सोडलेला हवा. कीबोर्डचे मागचे पाय मिटवून टाका, कारण त्यांनीही मनगट मागे वळतं. स्क्रीनवरच चित्र काढत असाल तर ती फार उभी ठेवू नका. मनगटाखाली ठेवायच्या मऊ गादीवर माझा विश्वास नाही. ती बरोबर बोगद्यावरच दाब देते. टेकायचंच असेल तर कोपराच्या पुढचा हात टेकवा. न काढणारा हातही विसरू नका: Alt किंवा Ctrl धरून तो तासभर वाकलेला असतो आणि मुंग्या कधी कधी त्याच हातात येतात.

पट्ट्याचं कोडं आता सुटतं. मनगट सरळ ठेवणारा पट्टा नसेच्या त्रासात खरोखर उपयोगी पडतो, पण रात्री झोपताना, आणि सैलसर. तोच पट्टा घालून ड्रॉइंग केलं तर मनगट अडकतं, सगळी हालचाल अंगठा करतो, आणि कंडरांचा त्रास असलेल्याची कळ वाढते. त्याला अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा लागतो, तोही विश्रांतीच्या वेळी.

डोळ्यांचा संबंध इथे लांबून येतो, पण येतो. स्क्रीनवर दिव्याची चमक पडली किंवा ऑनियन स्किनच्या पुसट रेघा नीट दिसल्या नाहीत, की माणूस पुढे झुकतो आणि धडाचा भार मनगटावर येतो. म्हणून दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद लांब बघणं हातालाही सोयीचं. घड्याळ लक्षात राहत नसेल तर दर दहा ड्रॉइंगनंतर पेन खाली ठेवा, शॉट चालवून बघा, हात मांडीवर सोडा. डेडलाइनच्या आठवड्यात थकवा साचला की पकड नकळत घट्ट होते. अशा वेळी सलग क्लीनअप न करता मध्ये टायमिंगचं किंवा रंग भरण्याचं काम घ्या, म्हणजे त्याच कंडरांवर सलग ताण येणार नाही.

दोन्ही त्रास एकाच हातात असू शकतात आणि मुंग्यांमागे मानेचा त्रास, मधुमेह किंवा थायरॉइडही असू शकतो, म्हणून घरच्या चाचणीवर निदान ठरवू नका. कंडरांच्या दुखण्यात दोन-तीन आठवडे भार कमी करून काय होतं ते पाहता येतं. नसेच्या बाबतीत इतकी सवड नेहमी नसते. बधिरपणा दिवसभर राहू लागला, हातातून पेन सुटू लागलं किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसू लागला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ते गरज वाटल्यास नसेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी करून घेतील.