परदेशी उपकंपनीचा नफा: कागदावर किती, हातात किती

नायजेरियात कारखाना काढायचा म्हटला की प्रकल्प अहवालात बहुधा तिथल्या नफ्याचाच हिशेब असतो. आम्ही वेगळा आकडा मागतो: भारतातल्या मूळ कंपनीच्या खात्यात किती जमा होईल आणि कधी? पैसा इथून जातो, तर परतावाही इथेच मोजायला हवा.

एक नमुना हिशेब पाहा. समजा, 2023च्या सुरुवातीला उपकंपनीने तिथला आयकर भरून 46 कोटी नायरा लाभांश द्यायचे ठरवले. तेव्हा डॉलरचा अधिकृत भाव साधारण 460 नायरा होता, म्हणजे कागदावर झाले 10 लाख डॉलर. लाभांशावर 10 टक्के विदहोल्डिंग टॅक्स तिथेच कापला जातो, मग उरतात 9 लाख. बरेच अहवाल इथेच थांबतात.

पण त्या काळात नायजेरियात डॉलरचीच टंचाई होती. विमान कंपन्यांचे तिकीटविक्रीचे पैसेसुद्धा तिथे अडकून पडले होते. जून 2023मध्ये नायराचा भाव बाजारावर सोडला गेला आणि वर्षअखेर एका डॉलरला सुमारे 900 नायरा पडू लागले. आपले 41.4 कोटी नायरा वर्षभर अडकले आणि त्यावर 8 टक्के व्याज मिळाले असे धरू (व्याजावरचा कर सोडून देऊ). झाले 44.7 कोटी नायरा, म्हणजे 4.97 लाख डॉलर. 15 टक्के अपेक्षित परताव्याने ते वर्षभर मागे आणले, तर आजचे मूल्य भरते 4.32 लाख. कराने 1 लाख नेला, अडकण्याने साडेचार लाखांहून जास्त.

शिवाय कर बराचसा भरून निघतो. भारतात 25.17 टक्के कर भरणाऱ्या कंपनीला तिथे कापलेल्या 10 टक्क्यांचे क्रेडिट मिळते, म्हणून इथे साधारण 15 टक्केच भरावे लागतात. मात्र त्या वर्षी कंपनी तोट्यात असेल, तर क्रेडिट वळते करायला करच नसतो आणि ते 10 टक्के बुडीत धरावे लागतात.

अडकण्याची शक्यता हिशेबात धरताना ती एकदाच धरा. पैसे उशिरा आणि पडत्या भावाने येतील असे दाखवले असेल, तर त्याच कारणासाठी परताव्याचा दर 15वरून 20 करू नका. नाहीतर चांगला प्रकल्पही तोट्याचा दिसेल.

लाभांश जाहीर करण्याची घाईही नको. अंतिम लाभांश ज्या वर्षी जाहीर होतो, त्याच वर्षी तो भारतात करपात्र ठरतो, मग डॉलर हातात आलेले असोत वा नसोत. परदेशी कायद्यानेच पैसे पाठवायला बंदी किंवा निर्बंध असेल, तर कर थकवल्याचा ठपका न ठेवण्याची तरतूद आहे. पण बँकेकडे डॉलर नाहीत, एवढ्यावर ती लागू होईल असे गृहीत धरू नका.

आणि एक कागद पहिल्याच दिवशी जपा. भांडवल नायजेरियात पोचले की तिथली अधिकृत बँक 24 तासांत भांडवल आयातीचा दाखला देते. तो नसेल, तर लाभांशासाठी अधिकृत बाजारातून डॉलर विकत घेता येत नाहीत.