समोरच्याचं वाक्य संपण्याआधी आपलं का सुरू होतं?

बोलण्यात एकाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांमधले 'हो की नाही' छापाचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं तपासली होती. मधलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघालं. गंमत अशी की चित्र बघून त्यातल्या वस्तूचं नुसतं नाव उच्चारायलाही माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत जुळून तयार होत असतं. हे सगळ्यांचंच होतं, त्यात उद्धटपणा काही नाही. उत्साहाच्या भरात एवढंच होतं, की तयार झालेलं उत्तर रोखून धरणं जमत नाही.

मराठीत हे जास्त महागात पडतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. मैत्रीण सांगतेय, "त्यांचा फोन आला, पगारही चांगला सांगितला, मी हो म्हणणार..." आणि आपण ओरडतो, "अगं, अभिनंदन!" तिचं वाक्य होतं, "...होते, पण बदली फार लांबची निघाली." आता तिला आधी आपला आनंद आवरावा लागतो, मग स्वतःची अडचण सांगावी लागते. पुष्कळदा ती सांगतच नाही.

उत्तर तयार होणं थांबवता येत नाही, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. पकडायचा तो श्वास. लांब काही बोलण्याआधी आपण बहुधा चटकन श्वास आत घेतो, ओठही जरा उघडतात. हे लक्षात आलं की तो श्वास न बोलता सोडून द्यायचा.

मग भीती वाटते, की सुचलेलं विसरून जाईन. ती खोटी नाही. पण ते मनात घोळवत बसलं तर कानावर पडणारं आत शिरत नाही. त्यापेक्षा एकच शब्द कागदावर टिपून मोकळं व्हावं. पूर्ण वाक्य लिहायला गेलात की ऐकणं सुटलंच.

बोलणं संपलं हे कसं ओळखायचं? बहुतेक वेळा स्वर खाली येतो, शेवटचं अक्षर किंचित लांबतं आणि नजर आपल्याकडे वळते. स्वर अधांतरी राहिला आणि नजर दुसरीकडेच असेल, तर माणूस शब्द शोधतोय. तिथली शांतता त्याची आहे. फोनवर नजर दिसत नाही आणि आवाजही थोडा उशिरा पोचतो, म्हणून तिथे आणखी एक श्वास थांबलेलं बरं.

अर्थात मध्ये बोलणं म्हणजे दर वेळी तोडणं नव्हे. डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलंय, की काही लोकांमध्ये एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं ही आपुलकीची खूण असते. फरक समोरच्याकडे बघून कळतो: तो न अडखळता पुढे जात राहिला तर हरकत नाही, तेच शब्द पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाला, किंवा "असो" म्हणून गप्प झाला, तर त्याचं वाक्य आपण तोडलंय. अशा वेळी "तू काय म्हणत होतीस, बदलीचं?" असं त्याच जागेवर नेऊन सोडावं, नुसतं "बोल, बोल" म्हटल्याने तुटलेला धागा तिला स्वतःच शोधावा लागतो.