स्टोअर मॅनेजरचं अप्रेझल : कोण पात्र, कागद कोणते आणि स्टॉकची तूट कशी धरायची

आधी पात्रता बघू. बऱ्याच ठिकाणी त्याच स्टोअरमध्ये निदान 6 महिने झालेले असावे लागतात, आणि चार्ज घेताना स्टॉक मोजून हँडओव्हर शीटवर जुन्या आणि नव्या मॅनेजरच्या सह्या झाल्या असतील तरच तूट त्याच्या नावावर टाकणं योग्य. ती शीट नसेल तर आधीच्या मॅनेजरची तूटही याच्याच गळ्यात पडते, म्हणून तो कागद पहिला मागा.

बाकीचे कागद म्हणजे महिनावार विक्री विरुद्ध टार्गेट, स्टॉक मोजणीचा अहवाल, रोटा आणि हजेरीचे पंच, तक्रार रजिस्टर आणि रोजचं कॅश टॅली. एरिया मॅनेजरने फॉर्म भरायच्या आधी मॅनेजरने स्वतःचा भाग भरायचा असतो.

खरी भांडणं होतात ती तुटीवरून. समजा 6 महिन्यांची विक्री 80 लाख, सिस्टीममधला स्टॉक 32 लाख आणि मोजणीत निघाला 31 लाख 4 हजार, सगळं विक्री किमतीत. फरक 96 हजार, म्हणजे विक्रीच्या 1.2 टक्के, आणि मर्यादा 0.6 ठरलेली असेल तर मॅनेजर सरळ नापास. पण त्यातला 40 हजारांचा माल दुसऱ्या स्टोअरला गेलेला आणि ट्रान्सफरची एंट्रीच झालेली नाही असं निघालं तर ती तूट नाहीच. आणखी 16 हजारांचा फुटका माल मागच्या खोलीत पडलाय, राइट-ऑफ करायचा राहिलाय, हे नुकसान खरंच पण कारण माहितीये. हिशेब न लागणारी तूट उरली 40 हजार, 0.5 टक्के, म्हणजे मर्यादेत. राइट-ऑफ वेळेत केला नाही आणि ट्रान्सफरची एंट्री राहिली याचे मार्क मात्र कापाच, तो शिस्तीचा मुद्दा आहे, चोरीचा नाही.

कॅशमध्ये लोक फक्त कमी पडलेली रक्कम बघतात, पण जास्त निघालेलीही तितकीच नोंदवायची, बहुतेकदा कुणाचं तरी बिलच मारलेलं नसतं. आणि सहा महिने रोज फरक शून्य दिसला तर मला तरी शंका येते, कॅशियर खिशातून भरपाई करत असतो. रद्द बिलं आणि रिफंड एकाच लॉगिनवरून, तेही बंद व्हायच्या वेळी होतायत का ते बघा.

रोट्यात कागद आणि पंच जुळवा, गर्दीच्या तासाला प्रत्यक्षात किती माणसं होती ते महत्त्वाचं. तक्रारी दर 1000 बिलांमागे मोजा, नाहीतर मोठं स्टोअर उगाच वाईट दिसतं, आणि रजिस्टर अगदी कोरं असेल तर तक्रारी नाहीत असं न धरता ते लिहितात का ते आधी विचारा.

आकडा मान्य नसेल तर मॅनेजरने सही करताना 'असहमत' लिहून कारण आणि ट्रान्सफर चलनाची प्रत जोडायची, आणि मुदतीत फेरमोजणी मागायची, कारण नंतर माल विकला जातो आणि काहीच सिद्ध करता येत नाही.