प्रतिक्रिया-काळाचे विश्लेषण : सहभागीनिहाय सरासरी आणि मिश्र-परिणाम मॉडेल

पडद्यावर काही दिसल्यापासून माणूस बटण दाबेपर्यंत जो वेळ जातो, तो प्रतिक्रिया-काळ. तो मिलिसेकंदांत मोजतात. एकाच माणसाच्या दोन प्रतिसादांमध्येही मोठी तफावत पडते, म्हणून प्रत्येकाकडून शेकडो प्रतिसाद घेतले जातात. ही मोजमापे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, कारण मुळात संथ असलेला माणूस जवळजवळ प्रत्येक वेळी संथच असतो. ४० जणांचे प्रत्येकी १०० प्रतिसाद म्हणजे ४,००० स्वतंत्र निरीक्षणे असे धरले, तर हाती नसलेला पुरावा असल्यासारखा भासतो.

यातून सुटण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. जुना मार्ग असा : प्रत्येक सहभागीची प्रत्येक स्थितीतली सरासरी काढायची आणि त्या सरासऱ्यांवर जोडीची टी-चाचणी किंवा प्रचरण-विश्लेषण करायचे. दुसरा मार्ग मिश्र-परिणाम मॉडेलचा. त्यात प्रत्येक प्रतिसाद तसाच ठेवतात. सर्वांना लागू असलेला ‘स्थिर परिणाम’ आणि व्यक्तिगणिक किंवा शब्दागणिक बदलणारे ‘यादृच्छिक परिणाम’ एकाच समीकरणात अंदाजले जातात. दुसरा मार्ग नवा आहे म्हणून नेहमीच सरस, हा समज चुकीचा आहे. कित्येक प्रयोगांत दोन्ही मार्ग अगदी एकाच उत्तरावर येतात. ते कुठे येतात आणि कुठे येत नाहीत, हे आकड्यांतूनच कळते.

झोपेच्या प्रयोगाचे उदाहरण

R या संगणकभाषेतल्या `lme4` या संचाबरोबर `sleepstudy` नावाची विदा मिळते. ती ग्रेगरी बेलेंकी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, झोप कमी केल्याचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासातली आहे. तिच्यातल्या १८ जणांना रात्री फक्त तीन तास अंथरुणात राहू दिले जाई. दहा दिवसांची मोजमापे आहेत, म्हणजे एकूण १८० ओळी. पहिले काही दिवस सरावाचे आणि मूळ पातळी नोंदवण्याचे होते. तरीही शिकवताना सहसा दहाही दिवस एकत्र घेतात, म्हणून इथेही तसेच घेतले आहेत. एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून निसटते : यातली प्रत्येक ओळ ही त्या माणसाची त्या दिवसाची *सरासरी* आहे. मिश्र मॉडेलचे सर्वांत परिचित उदाहरणच सरासरी काढलेल्या विदेवर उभे आहे.

```
lmer(Reaction ~ Days + (1 + Days | Subject), data = sleepstudy)
```

याचे उत्तर येते : दर दिवसाला प्रतिक्रिया-काळ सरासरी १०.४७ मिलिसेकंदांनी वाढतो आणि या अंदाजाची प्रमाण त्रुटी १.५५ आहे. आता मॉडेल बाजूला ठेवावे. १८ जणांपैकी प्रत्येकासाठी साधी सरळ रेषा बसवावी, तिचा उतार टिपावा आणि त्या १८ उतारांची सरासरी घ्यावी. उत्तर पुन्हा १०.४७ येते आणि प्रमाण त्रुटी पुन्हा १.५५.

हा योगायोग नाही. मॉडेलच्या मते माणसामाणसांच्या उतारांतले प्रमाण विचलन ५.९२ आहे आणि एकेका मोजमापातला उरलेला गोंधळ २५.६. दिवस ० ते ९ असे असल्याने त्यांच्या सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ८२.५ येते, म्हणून एका माणसाच्या उताराच्या अंदाजात या गोंधळामुळे २५.६² ÷ ८२.५, म्हणजे सुमारे ७.९ एवढे प्रचरण शिरते. त्यात माणसांमधला खरा फरक, ५.९२² म्हणजे ३५.१, मिळवला की ४३ होतात. ४३ ला १८ ने भागून वर्गमूळ घेतले की १.५५. सर्वांची मोजमापे सारख्याच संख्येने असतील, तर साध्या सरासरीत हे दोन्ही फरक आपोआप येतात आणि मॉडेलला वेगळे सांगण्यासारखे काही उरत नाही.

मॉडेल वेगळे काही सांगते ते एकेका माणसाविषयी. विदेत ३३५ या क्रमांकाच्या सहभागीचा स्वतःचा उतार −२.९ आहे, जणू झोप तुटल्यावर तो अधिकच चपळ होत गेला. मॉडेल त्याला समूहाकडे ओढून −०.३ वर आणते. ३०८ क्रमांकाचा २१.८ हा उतार १९.७ होतो. मोजमापे थोडी असताना टोकाच्या आकड्यांवर पूर्ण विश्वास टाकू नये, हा सावधपणा त्यात आहे. व्यक्तींमधले फरक हाच अभ्यासाचा विषय असेल, तर मॉडेल वापरण्याचे हे मोठे कारण ठरते.

अर्धवट मॉडेलचा धोका

याच विदेवर `(1 | Subject)` एवढेच लिहिले, तर ‘प्रत्येकाचा आरंभबिंदू वेगळा, पण झोपेचा परिणाम सर्वांवर सारखा’ असे गृहीत धरले जाते. उतार १०.४७ च राहतो, पण प्रमाण त्रुटी १.५५ वरून ०.८० वर घसरते आणि टी-मूल्य ६.८ वरून थेट १३ होते. पुरावा तेवढाच असताना तो दुप्पट भक्कम दिसू लागतो, कारण माणसामाणसांच्या उतारांतला फरक मॉडेलला सांगितलेलाच नाही. या उदाहरणात परिणाम इतका मोठा आहे की निष्कर्ष बदलत नाही. परिणाम लहान असता, तर याच चुकीने नसलेला शोध जाहीर झाला असता. मला वाटते, सहभागीनिहाय सरासरीपेक्षा वाईट असा हा एकच मिश्र मॉडेलचा प्रकार आहे, आणि दुर्दैवाने तोच घाईत सर्वांत सहज लिहिला जातो. डेल बार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘रचनेला झेपतील तेवढे सर्व यादृच्छिक उतार ठेवा’ असा आग्रह धरला, तो यासाठीच.

शब्दही नमुनाच असतात

सरासरीचा मार्ग खरा अडतो तो शब्दांच्या प्रयोगांत. समजा, मराठी वाचकांना पडद्यावर अक्षरांचा समूह दाखवून ‘हा शब्द आहे की नाही?’ असे विचारले. २० शब्द रोजच्या वापरातले, २० क्वचित भेटणारे, आणि वाचक ४०. दोन शब्दगटांमधला फरक व्यक्तिगणिक २० मिलिसेकंदांच्या प्रमाण विचलनाने बदलतो, एकाच गटातले शब्द आपसांत ४० ने वेगळे आहेत आणि एकेका प्रतिसादातला गोंधळ १५० चा आहे, असे धरू. हे आकडे गणितापुरते घेतले असले, तरी अशा प्रयोगांत सहज आढळावेत असेच आहेत.

सहभागीनिहाय सरासऱ्या घेतल्या, तर दोन गटांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ८.१ मिलिसेकंद येते. पण तिच्यात शब्दांमधला फरक कुठेच नाही. सर्व ४० जणांनी तेच ४० शब्द पाहिले, त्यामुळे एखादा शब्द अवघड निघाला तर सर्वांचीच सरासरी त्या बाजूला सरकते आणि माणसांमधल्या तफावतीत त्याचा मागमूस राहत नाही. शब्दांचे योगदान मिळवले की खरी त्रुटी १५ वर जाते. दोन गटांत २५ मिलिसेकंदांचा फरक सापडला असेल, तर पहिल्या हिशेबाने टी-मूल्य ३.१ होते आणि शोध जाहीर होतो. दुसऱ्या हिशेबाने ते १.७ होते आणि फारसे काही म्हणता येत नाही.

४० ऐवजी ४०० वाचक आणले, तर सरासऱ्यांची त्रुटी २.६ पर्यंत उतरते. खरी त्रुटी मात्र १२.९ वरच राहते, कारण शब्द २०-२० च राहिले. म्हणजे सहभागी वाढवल्याने चुकीचा विश्वास तेवढा वाढतो. यावर उपाय अधिक शब्द हाच आहे.

हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधले. त्यानंतर अनेक वर्षे सहभागीनिहाय आणि शब्दनिहाय अशी दोन वेगळी विश्लेषणे शेजारी-शेजारी छापण्याची रीत होती. पण दोन्ही चाचण्या पार झाल्या म्हणजे एकत्रित चाचणी पार झाली असे होत नाही. हराल्ड बायेन, डग डेव्हिडसन आणि डग्लस बेट्स यांनी २००८ मध्ये दोन्ही स्रोत एकाच मॉडेलमध्ये कसे घ्यावेत हे दाखवले :

```
lmer(rt ~ prakar + (1 + prakar | vachak) + (1 | shabda), data = d)
```

इथे `shabda` साठी उतार नाही, कारण एक शब्द एकाच गटात असतो. तोच शब्द दोन्ही स्थितींत दाखवला जात असेल, तर शब्दांनाही उतार द्यावा लागतो. तसे असताना याद्यांची अदलाबदल नीट केली, तर शब्दाची स्वतःची अवघडता दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते आणि सरासरीचा धोकाही बराच कमी होतो.

गाळलेल्या प्रतिसादांचा मुद्दाही इथेच येतो. चुकीची उत्तरे सहसा वगळतात. एका वाचकाचे २० पैकी १९ क्वचित शब्द बरोबर आले आणि दुसऱ्याचे ९, तर सरासरीत दोघांना सारखेच वजन मिळते. शिवाय दुसऱ्याचे गाळले गेलेले ११ शब्द बहुधा सर्वांत अवघड होते. उरलेल्या सोप्या शब्दांवरची त्याची सरासरी त्याला आहे त्यापेक्षा वेगवान दाखवते. मॉडेलला प्रत्येक शब्दाची अवघडता ठाऊक असल्याने ही तूट बरीचशी भरून निघते.

सरासरी केव्हा पुरेशी

उद्दीपक हे कोणत्याही मोठ्या समूहाचे नमुने नसतील, तर क्लार्क यांचा आक्षेप लागू होत नाही. डावा आणि उजवा बाण, किंवा स्ट्रूप-चाचणीतले चार रंग हे नेमके तेच असतात. अशा प्रयोगात प्रत्येक स्थितीत सर्वांचे प्रतिसाद जवळपास सारख्या संख्येने असतील आणि प्रश्न फक्त गटाच्या सरासरी फरकाचा असेल, तर जोडीची टी-चाचणी बिनदिक्कत करावी. प्रतिक्रिया-काळाचे वितरण उजवीकडे लांब शेपटीचे असले, तरी बऱ्याच प्रतिसादांच्या सरासऱ्या पुरेशा सममित होतात. प्रश्न प्रतिसादागणिक बदलणाऱ्या गोष्टीचा असेल, जसे थकवा, सराव किंवा आधीच्या उत्तराचा परिणाम, तर सरासरी काढताच ती माहिती नाहीशी होते. तिथे मॉडेलच हवे.

सरासरीऐवजी मध्यक घेताना एक सावधगिरी हवी. जेफ मिलर यांनी १९८८ मध्ये दाखवले की अशा तिरप्या वितरणात थोड्या प्रतिसादांचा मध्यक खऱ्या मध्यकापेक्षा वर झुकतो. एका स्थितीत १० आणि दुसऱ्या स्थितीत १०० प्रतिसाद असतील, तर फक्त संख्येमुळे फरक दिसू शकतो.

एकेक प्रतिसाद मॉडेलमध्ये घालताना त्या शेपटीचे काय करायचे, हे ठरवावेच लागते. अनेक जण लॉगरिदम घेतात, पण त्याने प्रश्नच बदलू शकतो. तरुणांत ५०० चे ५५० आणि वृद्धांत १,००० चे १,१०० होत असतील, तर मिलिसेकंदांत वृद्धांवरचा परिणाम दुप्पट आहे. लॉगरिदमात तो अगदी समान आहे. सिद्धान्त मिलिसेकंदांविषयी बोलत असेल, तर स्टेसन लो आणि सॅली अँड्र्यूज यांनी २०१५ मध्ये सुचवल्याप्रमाणे, माप न बदलता गॅमा किंवा व्यस्त-गाउसीय वितरण मानणारे मॉडेल वापरता येते. ते बसवणे अधिक कटकटीचे असते, हे खरे.

मॉडेल विदेला झेपत नसेल, तर पडद्यावर बहुधा `boundary (singular) fit` असा संदेश येतो. एखादे यादृच्छिक प्रचरण शून्यावर, किंवा दोन यादृच्छिक परिणामांतला सहसंबंध नेमका १ किंवा −१ वर अडकला आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी आधी सहसंबंध काढून पाहावा, मग सर्वांत लहान प्रचरण असलेला घटक वगळून पाहावा. ज्या परिणामाची चाचणी घ्यायची आहे, त्याचा सहभागीनिहाय उतार मात्र सर्वांत शेवटी काढावा. तोही काढल्याशिवाय मॉडेल बसत नसेल आणि शब्दांचा प्रश्न नसेल, तर सरासऱ्यांवरची टी-चाचणी हाच अधिक प्रामाणिक पर्याय आहे.