क्विल्टचे अस्तर व भरण : मापन

क्विल्टच्या दर्शनी थराच्या मापावरून त्याखालचे भरण आणि अस्तर किती लांब-रुंद घ्यावे आणि त्यासाठी किती कापड आणावे, हे ठरवण्याची रीत. तुकडे जोडून केलेला दर्शनी थर, मधले भरण (बॅटिंग) आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र टाचून त्यांवरून धावदोरा किंवा मशिनची शिलाई घालतात. खालचे दोन थर वरच्यापेक्षा चारी बाजूंनी मोठे ठेवतात. या जादा कापडाला शिंपीकामातला ‘माया’ हाच शब्द लावणे सोयीचे आहे. तीन थर एकमेकांवर पसरून टाचण्याची कृती परिचित असल्याने तिचे वर्णन येथे केलेले नाही.

माया आणि आक्रसणे. टाके घातल्यावर क्विल्ट आक्रसते, म्हणून अस्तराला माया ठेवावी, असे कारण हस्तपुस्तिकांमध्ये सर्रास दिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. टाके तिन्ही थरांतून जातात, त्यामुळे आक्रसतात तेही तिन्ही थर. दर्शनी थर लहान होतो तसे अस्तरही होते. तेवढेच कारण असते, तर तिन्ही थर एकाच मापाचे घेऊनही भागले असते. मायेची खरी गरज थर सरकण्यामुळे पडते. घरगुती मशिनवर खालचे दाते अस्तर ओढत असतात आणि वरची पट्टी दर्शनी थराला पुढे रेटत असते. मधोमध सुरुवात करून कडेपर्यंत येईतो वरचा थर अर्धा-पाऊण इंच बाहेर सरकलेला असतो. शिवाय तुकड्यांच्या जोडांमध्ये दबलेले कापड टाके घालताना सैल होऊन पसरते, आणि शेवटी क्विल्ट काटकोनात छाटायलाही थोडे कापड लागते. अस्तर पुरावे म्हणून माया हवी. तयार क्विल्ट हव्या त्या मापाचे उतरावे, यासाठी मात्र आक्रसण्याचा हिशेब दर्शनी थरातच करावा लागतो. हे दोन हिशेब एकात मिसळले की अस्तर भरपूर उरते आणि क्विल्ट पलंगाला आखूड पडते.

किती आक्रसते? याबाबत दिलेले आकडे जुळत नाहीत. कोणी २ टक्के सांगतात, कोणी ५, तर काही ठिकाणी टक्केवारी न देता सरसकट दोन-तीन इंच धरायला सांगितलेले असते. दोन ओळींमधला फुगवटा पाहिला तर हा फरक बराचसा उलगडतो. टाक्यांच्या दोन ओळींच्या मध्ये कापड कमानीसारखे वर येते. कमानीची लांबी आणि तिच्या दोन टोकांमधले सरळ अंतर यांत जो फरक, तेवढे कापड आक्रसले. उथळ कमानीसाठी हा फरक फुगवट्याच्या उंचीला ओळींमधल्या अंतराने भागून आलेल्या संख्येच्या वर्गानुसार वाढतो. ओळी ४ इंचांवर असतील आणि फुगवटा पाव इंच असेल, तर आक्रसणे जेमतेम १ टक्का भरते. तोच फुगवटा २ इंचांच्या अंतरात आला, तर ते ४ टक्क्यांवर जाते. म्हणजे अंतर निम्मे केले की आक्रसणे दुप्पट नव्हे, चौपट होते. मात्र हा हिशेब फार पुढे ताणता येत नाही. ओळी अगदी जवळ आल्या की भरण दाबले जाऊन फुगवटाच उरत नाही. पातळ सुती भरणावरचे दाट टाके म्हणूनच सूत्र सांगते त्यापेक्षा कमी आवळतात. जाड पॉलिएस्टर भरण सर्वांत जास्त फुगते, त्यामुळे टाक्यांनी तेच जास्त आवळते.

धुण्यात आटणे हा आणखी निराळा भाग. सुती भरण पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटते, पॉलिएस्टर जवळपास आटत नाही. जुन्या सुती क्विल्टवर दिसणाऱ्या बारीक सुरकुत्या बव्हंशी या आटण्यातून येतात. त्या हव्या असल्यास भरण आधी धुऊ नये.

सरसकट आकड्यापेक्षा नमुना शिवून पाहणे अधिक विश्वसनीय. तेच भरण आणि तितक्याच जवळचे टाके वापरून २० इंचांचा चौकोनी नमुना करावा. टाके घालण्यापूर्वी त्यावर १६ इंचांचा चौकोन धुण्यात न जाणाऱ्या पेनाने आखून ठेवावा. टाके झाल्यावर तो १५½ इंच भरला, तर आक्रसणे ३ टक्के. मग नमुना धुऊन वाळवून पुन्हा मोजावा. कडेपासून कडेपर्यंत मोजण्याचा मोह टाळावा. कडा सैल असतात आणि माप फसवते.

मायेचे प्रमाण. आज रूढ असलेली ‘दर बाजूला ४ इंच’ ही माया लाँगआर्म मशिनच्या चौकटीशी निगडित दिसते. हाताने चालवायची लाँगआर्म यंत्रे अमेरिकेत साधारण १९८०च्या दशकापासून पसरली. त्यांत अस्तराची वरची-खालची कड रुळांवरच्या पट्ट्यांना टाचतात आणि उरलेल्या दोन बाजूंना चिमटे लावून ते ताणून धरतात. मशिनचे डोके चिमट्यांवर आदळू नये, म्हणून तेवढी जागा लागतेच. घरगुती मशिनवर किंवा हाताने काम करताना २ ते ३ इंच पुरतात. गोल रिंग वापरणाऱ्याला कडेचा भाग रिंगेत धरता यावा एवढी माया मात्र हवीच. भरण अस्तरापेक्षा थोडे लहान आणि दर्शनी थरापेक्षा मोठे, म्हणजे अस्तराची माया ४ इंच असेल तर दर बाजूला सुमारे ३ इंच, ठेवले की कडेला तिन्ही थर वेगळे दिसतात आणि कोणता सरकला ते नजरेने कळते.

एक उदाहरण. दर्शनी थर ८० × ९२ इंच आहे असे समजू. तो तीन ठिकाणी मोजून सर्वांत मोठे माप धरावे, कारण कडा मध्यापेक्षा बहुधा लांब भरतात. दर बाजूला ४ इंच धरून अस्तर ८८ × १०० इंच, आणि ३ इंच धरून भरण ८६ × ९८ इंच. अमेरिकी मापाचे ‘क्वीन’ भरण ९० × १०८ इंचांचे येते, ते पुरते. पाकिटातून काढलेले भरण आदल्या दिवशी पसरून ठेवावे. घड्यांत दबलेले भरण मोजले तर माप चुकते.

अस्तराचे कापड ४४ इंच पन्ह्याचे आहे. दोन्ही किनारी कापून टाकाव्या लागतात. किनारीची वीण घट्ट असल्याने ती उरलेल्या कापडापेक्षा वेगळ्या प्रमाणात आटते आणि जोडाला चुण्या पडतात. धुऊन, किनारी काढून ४२ इंच हाती लागतात असे धरू. जोडाला दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच, म्हणजे प्रत्येक जोडामागे १ इंच जातो.

दोन पट्टे उभे जोडले तर रुंदी ८३ इंच होते. हवी ८८. येथेच बहुतेकांची चूक होते : ८३ हे ८० पेक्षा जास्त आहे ना, असे म्हणून काम सुरू होते आणि दर बाजूला जेमतेम दीड इंच उरल्यामुळे शेवटच्या कोपऱ्यात अस्तर कमी पडते. तोवर टाके घातलेले असतात, उसवण्यावाचून गत्यंतर नसते.

तीन उभे पट्टे घेतले तर १०० इंचांचे तीन, म्हणजे ३०० इंच कापड लागते. जोड आडवे घेतले तर प्रत्येक पट्टा ८८ इंचांचाच पुरतो. तीन पट्ट्यांची जोडून उंची १२४ इंच होते आणि कापड २६४ इंच. जोडाची दिशा बदलून जवळजवळ १ मीटर वाचला. कापड ४ टक्के आटेल असे धरले तर २६४ला ०.९६ने भागून २७५ इंच, म्हणजे नेमके ७ मीटर. दुकानातला काप क्वचितच सरळ असतो, म्हणून सव्वासात मीटर आणावे. लाँगआर्मवाल्यांनाही आडवा जोड बरा पडतो. उभा जोड रुळावर एकाच जागी गुंडाळत गेला की तिथे उंचवटा येतो आणि ताण विषम होतो. अडचण एकच : एका दिशेची नक्षी असेल तर ती आडवी पडते.

आणखी एक मार्ग आहे. दोन उभ्या पट्ट्यांच्या मध्ये दर्शनी थरातून उरलेल्या तुकड्यांची ७ इंची पट्टी घालावी. दोन जोडांचे २ इंच वजा जाता रुंदी ८९ इंच होते आणि मुख्य कापड २०० इंचच लागते. आटणे धरून साडेपाच मीटर पुरतात. याने जोड मधोमध येणेही टळते. नेहमी मध्यावर घडी घातल्या जाणाऱ्या क्विल्टमध्ये तिथलाच जोड आधी झिजतो. चादरीचे १०८ इंची कापड मिळाले तर हा सगळा खटाटोप संपतो : अडीच मीटर घ्यावे, पन्हा १०० इंचांची बाजू सांभाळतो.

आता दुसरा हिशेब. नमुन्यावर टाक्यांनी ३ टक्के आणि धुण्यात आणखी ३ टक्के आले असतील, तर ८० × ९२चे क्विल्ट पहिल्या धुण्यानंतर सुमारे ७५ × ८६½ इंच उरेल. ६० इंच रुंदीच्या गादीवर दोन्ही बाजूंना १० इंच लोंबेल असे वाटले होते, ते साडेसात इंचच लोंबते. ८० × ९२ हेच तयार माप हवे असेल तर दर्शनी थर ८५ × ९८ इंचांचा शिवावा लागेल, आणि अस्तर-भरणाचे गणित त्या मापावरून पुन्हा मांडावे लागेल.

तपासणी. जोडलेले अस्तर काटकोनात आहे की नाही, हे कर्ण मोजून कळते. ८८ × १०० इंचांच्या अस्तराचे दोन्ही कर्ण सुमारे १३३ इंच भरले पाहिजेत. फरक इंचाहून जास्त असेल तर ते तिरके आहे आणि माया एका कोपऱ्यात संपेल. काम चालू असताना चारी बाजूंच्या मध्यावर उरलेली माया अधूनमधून मोजावी. एकीकडे ५ आणि समोर ३ इंच दिसले, तर वरचा थर एका दिशेने रेटला जातो आहे. खालून अस्तराला चुण्या पडत असतील, तर दोष मायेचा नसून कच्च्या टाक्यांचा आहे. माया वाढवून तो जात नाही.

भारतीय गोधडी. गोधडी आणि वाकळ यांत बहुधा वेगळे भरण नसते; जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थरच भरणाचे काम करतात. रजईत पिंजलेला कापूस भरतात आणि तो वजनावर घेतात, त्यामुळे भरणाच्या लांबी-रुंदीचा प्रश्न उद्भवत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाची गोधडी, कवंदी, या दृष्टीने लक्षणीय आहे. या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून निसटून आलेले मानले जातात. कवंदीत आधी अस्तर अंथरतात, कडेपासून सुरुवात करून तुकडे त्यावरच ठेवत, धावदोऱ्याने शिवत आत मध्याकडे सरकतात. दर्शनी थर आधी तयार नसतोच. आक्रसल्यामुळे जागा कमी-जास्त झाली, तर मधला शेवटचा तुकडा तेवढ्याच मापाचा कापतात.